बोंबीलशी संपर्क नाही

आमच्या सर्व्हरना माशांची नावं माझ्या नवऱ्याने दिली. पनवेलच्या दवाखान्यातला तो हलवा, आपट्याजवळच्या कारखान्यातला तो सुरमई आणि करंजाच्या कोल्ड स्टोरेजमधला तो बोंबील. मी म्हटलं होतं, गिऱ्हाइकाला कळलं तर काय म्हणेल? तो म्हणाला, गिऱ्हाइकाला सर्व्हरचं नाव कधी कळत नाही, तो बंद पडलेला तेवढा कळतो.

आमचा धंदा म्हणजे आम्ही दोघंच. कॉलेजात एका वर्गात होतो, लग्नानंतर पाच-सहा वर्षं मुंबईत नोकऱ्या केल्या आणि मग पनवेलला दोन खोल्यांच्या घरात स्वतःचं काम सुरू केलं. छोट्या गिऱ्हाइकांकडे एकच दणकट कॉम्प्युटर बसवायचा आणि त्याच्या पोटात चार-पाच वेगवेगळे कॉम्प्युटर चालवायचे, एकावर हिशेब, एकावर मेल, एकावर आणखी काही. बाहेरच्या दणकट खोक्याला आम्ही होस्ट म्हणायचो आणि आतल्यांना नुसतं मशीन. होस्टसमोर कोणी बसायचं नाही. त्याला ना मॉनिटर, ना कीबोर्ड. सगळा कारभार आम्ही घरून, एसएसएचच्या बंदिस्त वाटेने करायचो.

करंजाचा बोंबील हा आमचा पहिला होस्ट. तो नवऱ्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर जोडला होता. तो आठवडा आम्ही जमिनीवर पानं मांडून जेवलो. सासूबाई कुरकुरल्या, पण रोज संध्याकाळी टेबलापाशी येऊन ‘झाला का रे तुझा बोंबील?’ असं विचारायलाही विसरल्या नाहीत.

कामाच्या बाबतीत आमच्या दोघांची तऱ्हा वेगळी. तो सगळं काळ्या पडद्यावर, टाइप करून करायचा. कुठल्या होस्टवर काय चाललंय ते पाहायचं, मशीन सुरू करायचं, बंद करायचं, सगळ्याच्या कमांड त्याच्या बोटांत होत्या. मी व्हर्ट-मॅनेजर नावाचा प्रोग्राम वापरायची. त्यात खिडकीमध्ये होस्टची यादी दिसते, प्रत्येक होस्टखाली त्याची मशिनं, प्रत्येक मशीनपुढे ते किती राबतंय याचा चिमुकला आलेख. एखाद्यावर डबल क्लिक केलं की त्या मशीनचा पडदा आपल्यासमोर उघडतो, करंजाला जाऊन मॉनिटर लावल्याप्रमाणे. मला ते सोयीचं वाटायचं. तो मागून जाता जाता म्हणायचा, ‘काय, बघून झाली का चित्रं?’ मी म्हणायची, ‘तुझं पाठांतर झालं की ये चहाला.’

एक नियम मात्र दोघांनी कडक पाळला. एकमेकांच्या कीबोर्डवर बसायचं नाही आणि न विचारता पडद्यात डोकवायचं नाही. दोन माणसं एकाच घरात एकच काम करतात तेव्हा असे नियम लागतात. आमची बरीच भांडणं या नियमाने वाचवली.

मग एका सकाळी तो दात घासताना खाली पडला. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आलाय. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे आवाज नव्हे. समोरचा काय बोलतो ते त्याला कळायचं, काय म्हणायचंय ते डोक्यात असायचं, पण शब्द सापडायचा नाही. पाणी हवं असलं की तो ‘पुस्तक’ म्हणायचा, आपलं चुकलं हे त्याला त्याच क्षणी कळायचं आणि तो डोळे मिटून घ्यायचा. मला त्या डोळे मिटण्याचा फार राग यायचा. त्याचा नव्हे, जे झालं त्याचा. पण राग काढायला समोर तोच असायचा, आणि त्याच्यावर तो काढणं शक्य नव्हतं, म्हणून मी हॉस्पिटलच्या कँटीनवाल्याशी भांडायची.

हॉस्पिटलात त्याच्या तोंडून आलेला पहिला धड शब्द ‘बोंबील’. नर्सबाईंना वाटलं पेशंटला भूक लागली. त्या मला म्हणाल्या, ‘मॅडम, अजून सॉफ्ट डाएटच आहे हां, मासे नाही चालणार.’ मी हसले, आणि हसता हसता मला रडू कोसळलं. तो माझ्याकडे पाहत होता. त्याला विचारायचं होतं की बोंबील चालू आहे का. मी म्हटलं, चालू आहे, सगळं चालू आहे.

घरी आल्यावर पंधरवड्याने तो काठी टेकत आपल्या खुर्चीवर जाऊन बसला आणि डाव्या हाताने काळा पडदा उघडला. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. त्याने दोन-तीन अक्षरं दाबली आणि बोट हवेत थांबलं. पुसली, पुन्हा दाबली, पुन्हा थांबला. पुढचं अक्षर कुठलं, तेच येत नव्हतं. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी मला नंतर समजावून सांगितलं, की पाहिलेलं ओळखणं एक आणि आतून शब्द रचणं वेगळं. समोर नाव लिहिलेलं असलं तर तो ओळखेल, त्यावर बोट ठेवेल. कोऱ्या जागेत तेच नाव अक्षर अक्षर उभं करणं त्याला कदाचित कधीच जमणार नाही. त्या ‘कदाचित’ म्हणाल्या, पण चेहरा कदाचितचा नव्हता.

त्या दिवशी रिक्षात बसल्या बसल्या मला सुचलं. ज्याला टाइप करता येत नाही पण ओळखता येतं, त्याच्यासाठी ती चित्रंच तर आहेत.

मी त्याला विचारलं, तुझ्या पीसीवर व्हर्ट-मॅनेजर टाकू? त्याने आपल्या कीबोर्डकडे पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली. त्याच्या कीबोर्डवर त्याच्या परवानगीने मी पहिल्यांदा बसले, तो शेजारी स्टुलावर. मी मुद्दाम एकेक गोष्ट बोलत बोलत केली. नवीन कनेक्शन जोडायचं, दूरच्या होस्टशी एसएसएचने, अशी खूण करायची, युजरचं नाव, होस्टचं नाव. पासवर्डचा प्रश्न होता. दर वेळी पासवर्डची चौकट आली तर त्याला तो टाइप करता आला नसता. म्हणून त्याच्या पीसीवर एक की बनवली, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल, जिला वेगळा पासफ्रेज, म्हणजे स्वतःचा पासवर्ड नाही, आणि तिची सार्वजनिक बाजू तिन्ही होस्टवर नेऊन ठेवली. बिनपासफ्रेजची की कधी बनवायची नाही, हे मला शिकवलं होतं त्यानेच. तो माझ्याकडे तिरका बघत होता. मी म्हटलं, ‘बघू नकोस असा, घरातल्या घरात आहे.’ शेवटी प्रत्येक कनेक्शनवर, प्रोग्राम उघडला की आपोआप जोडलं जावं, ही खूण करून ठेवली.

तिन्ही नावं पडद्यावर आली. खाली मशिनं उलगडली आणि पुढचे आलेख हलायला लागले. त्याने डाव्या हाताने माउस धरला, बोंबीलवर नेला, खालच्या हिशेबाच्या मशीनवर डबल क्लिक केलं. करंजाच्या ऑफिसचा हिशेबाचा पडदा आमच्या घरात उघडला. त्याचा अर्धा चेहरा हसला. दुसरा अर्धा तेव्हा हसत नसे. मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, ‘चित्रं.’ अगदी स्पष्ट. मला वाटलं, आता हा परत येणार.

मग आम्ही कामाची नवी पद्धत बसवली. मी गिऱ्हाइकांकडे फिरायची, तो घरून लक्ष ठेवायचा. फोनवर बोलता येत नाही म्हणून मिस्ड कॉल. एकदा वाजला की काहीतरी गडबड, बघ. लागोपाठ दोनदा वाजला की मी निस्तरलं. एकदा मी दवाखान्यात असताना फोन एकदा वाजला. मी लॅपटॉप काढेपर्यंत पुन्हा लागोपाठ दोनदा. घरी येऊन नोंदी पाहिल्या तेव्हा कळलं, सुरमईवरचं मेलचं मशीन गोठलं होतं. आलेख आडवा, वर टेकलेला. त्याने त्याचा पडदा उघडून पाहिला, आधी साधं बंद करायचा आदेश दिला, मशीन हललं नाही, तेव्हा मेनूतून जबरदस्तीचा रीसेट निवडला. कुठलंही घाईचं काम नाही. आधी विचारून पाहिलं, मग हात उगारला. मी ते कारखान्याच्या साहेबांना फोनवर सांगितलं तेव्हा माझा आवाज जरा जास्तच मोठा होता, त्याला ऐकू जावा म्हणून.

तेव्हापासून रोज संध्याकाळी घरी आले की चपला काढता काढता मी विचारायची.

‘हलवा?’

तो अंगठा वर करायचा.

‘सुरमई?’

अंगठा.

‘बोंबील?’

अंगठा, आणि वर एक शब्द, ‘छान.’ हा शब्द त्याला येत होता आणि तो बोंबीलसाठी राखून ठेवलेला होता. सासूबाई म्हणायच्या, ‘माझ्या भाजीला एकदा तरी म्हण की रे.’ तो भाजीला अंगठा दाखवायचा.

पावसाळ्यानंतर बोंबीलच्या डिस्क कुरकुरायला लागल्या. करंजाची हवा खारी. लोखंडाला तिथे आयुष्य कमी, मग ते बंदरावरचं असो की सर्व्हरमधलं. मी नवं खोकं घेतलं, त्यावर सगळी व्यवस्था नव्याने बसवली, जुन्यातली मशिनं त्यात आणली, नाव तेच ठेवलं, पत्ता तोच ठेवला. त्याच्या पीसीची कीसुद्धा आठवणीने नव्या खोक्यात ठेवली. जुनं खोकं घरी आणलं तेव्हा तो त्याच्यावर हात फिरवत बसला होता.

नवं खोकं जुन्याच नावाने उभं राहिलं की एसएसएच बिथरतं. प्रत्येक होस्टची एक ओळख असते. पहिल्यांदा जोडताना ती आपल्या कॉम्प्युटरवर लिहून ठेवली जाते. पुढे त्याच नावाने वेगळी ओळख समोर आली की एसएसएच म्हणतं, हा तो नव्हे, कोणी सोंग घेऊन आला असेल, आणि दार लावून घेतं. माझ्या लॅपटॉपवर ही ओरड झाली. मी सवयीने जुनी ओळख पुसायची एका ओळीची कमांड मारली, नवी ओळख मान्य केली आणि पुढच्या कामाला लागले. किती साधी गोष्ट, चहा उकळताना रेडिओचं बटण फिरवावं इतकी. त्याच्या पीसीवरही हीच ओरड होणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तो तर कधी काही म्हणाला नाही.

रोजचे प्रश्न चालू राहिले. हलवा, अंगठा. सुरमई, अंगठा. बोंबील, छान.

दिवाळी होऊन गेली होती. एक दिवस सकाळीच मी स्कूटरवरून करंजाला गेले. तिथल्या मॅनेजरांना एक नवा प्रिंटर जोडून हवा होता. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग चुकवत पोचले तर कोल्ड स्टोरेजच्या दारात अंधार. आत मॅनेजर, त्याच गावचे, टॉर्च घेऊन उभे.

‘बाय, आज कशाला आली?’ ते म्हणाले. ‘लाईट नाय पहाटेपासून. त्यो तिकडं डीपी जळला.’

‘जनरेटर?’

‘जनरेटर हाय, पण त्यो मच्छीला. तुमचा डबा बंद केलाय आमी. मच्छी सडली तर मालक आमाला सोलेल, डब्याचं काय, त्यो उद्याबी उठंल.’

यात वावगं काही नव्हतं. बोंबील बंद होता, नीट बंद केलेला होता. यूपीएस केव्हाच दमला होता. मी दुपारपर्यंत तिथे बसले, लाईट येईल या आशेने. बाहेर धक्क्यावर लिलाव आटोपून बायका टोपल्या धुवत होत्या. मग मी मॅनेजरांना सांगितलं, लाईट आली की बटण तेवढं दाबा, मशिनं आपोआप सुरू होतील, तशी खूण केलेली आहे. ते म्हणाले, ‘दाबतो बाय, जा तू, घरी नवरा हाय.’

येताना माझ्या मनात काही नव्हतं. उलट मला गंमत वाटत होती की घरी गेल्यावर तो मला बातमी देईल, अंगठा खाली करून. मिस्ड कॉल आला नव्हता, पण तिथे रेंजची मारामारच असते.

चपला काढल्या. विचारलं.

‘हलवा?’

अंगठा.

‘सुरमई?’

अंगठा.

‘बोंबील?’

त्याने माझ्याकडे पाहिलं, अंगठा वर केला आणि म्हणाला, ‘छान.’

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. पहाटेपासून बंद असलेला होस्ट छान. म्हणजे त्याला कळत नाहीये. पडद्यावर काय आहे ते त्याला कळतच नाहीये, मी इतके महिने एका माणसाला रंगीत चौकटीसमोर बसवून ठेवलंय आणि स्वतःला सांगतेय की तो काम करतोय. मला वाटलं होतं तो परत येतोय. तो कुठेच येत नव्हता. मी तोंडावर पाणी मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई त्याला घेऊन व्यायामाच्या उपचाराला गेल्या. रिक्षा वळेपर्यंत मी गॅलरीत उभी राहिले. मग आमचा नियम मोडून त्याच्या खुर्चीवर बसले.

व्हर्ट-मॅनेजर उघडाच होता. हलवा आणि सुरमई ठीक, आलेख हलत होते. बोंबीलची ओळ फिकट, पुढे ‘जोडलेलं नाही’ या अर्थाचे इंग्रजी शब्द, खाली एकही मशीन नाही. करंजाची लाईट रात्रीच आल्याचं मॅनेजरांनी कळवलं होतं, माझ्या लॅपटॉपवर बोंबील सकाळी दिसला होता. मी जोडायला सांगितलं. चूक झाल्याची चौकट आली. तपशील उघडला तर तिथे तेच, होस्टची ओळख पटत नाही. मला एका क्षणात सगळं समजलं. नवं खोकं बसवल्या दिवसापासून त्याने बोंबील पाहिलाच नव्हता. रोज सकाळी प्रोग्राम उघडला की ही चौकट येत असणार आणि तो ती बंद करत असणार.

त्याला कळत नाही याचा हा आणखी एक पुरावा, असंच मला वाटलं. चौकट बंद करून मी उठणार होते. तेव्हा खालच्या पट्टीत दिसलं की मागे आणखी एक खिडकी आहे. ती वर आणली. काळा पडदा होता.

वरपासून खालपर्यंत त्याच्याच ओळी. एका ओळीत नुसतं एसएसएच, एवढंच लिहून एंटर. खाली कॉम्प्युटरने दिलेली वापराची जंत्री. पुन्हा तेच. पुन्हा तेच. एका ओळीत बोंबील एवढंच, बहुधा दुसऱ्या खिडकीत पाहून उतरवलेलं. मी वर सरकवत गेले तर ते संपेना. मध्येच एके ठिकाणी तो अर्ध्या वाटेपर्यंत पोचला होता. सुरुवातीची अक्षरं देऊन टॅबचं बटण दाबलं की कमांडचं नाव कॉम्प्युटरच पुरं करतो, ही युक्ती त्याने शोधून काढली होती, आणि जुनी ओळख पुसायची जी कमांड असते तिचं पहिलं अर्ध त्याने बरोब्बर उभं केलं होतं. पुढे एक आडवी रेघ, एक अक्षर आणि होस्टचं नाव, एवढंच राहिलं होतं. त्या अक्षराला टॅब काही मदत करत नाही. तिथे तो अडला होता, आणि तसंच एंटर दाबलं होतं.

नुसती तेवढीच कमांड दिली तर ती ओळख पुसत नाही, नवी की बनवायला घेते. पडद्यावर प्रश्न होता: इथे आधीच एक की आहे, तिच्यावर नवी लिहू का, होय की नाही? होय दाबलं असतं तर जुनी की गेली असती आणि तिच्याबरोबर हलवा आणि सुरमईसुद्धा हातचे गेले असते. त्याने तिथे नाही दाबलं होतं. असं तो पुनःपुन्हा त्याच जागी पोचला होता आणि दर वेळी त्याने नाहीच दाबलं होतं. एकदाही चुकला नव्हता.

त्याला सगळं कळत होतं. चूक काय आहे, उपाय काय आहे, कमांड कुठली, धोका कुठे, सगळं. फक्त ते एक अक्षर बोटात येत नव्हतं. आणि संध्याकाळी मी दारात उभी राहून विचारायची, बोंबील? अंगठा खाली करता आला असता, मिस्ड कॉलही देता आला असता, पण मग आपल्याच कामात आपण अडलोय हे कबूल करावं लागलं असतं, आणि का अडलोय हे सांगायला कितीतरी शब्द लागतात. त्याच्याकडे एकच होता. तो त्याने दिला. मी त्या खुर्चीवर बसून मोठ्याने रडले. घरात कोणी नव्हतं, तेवढं बरं होतं.

मग मी डोळे पुसले आणि ती ओळ पुरी केली. रेघ, अक्षर, बोंबील, एंटर. जुनी ओळख गेली. एकदा एसएसएचने जोडून नव्या ओळखीला होय म्हटलं. व्हर्ट-मॅनेजरमध्ये बोंबीलवर डबल क्लिक केलं, ओळ ठळक झाली, खाली मशिनं उलगडली. मी काळा पडदा जिथे होता तिथे, मागे ठेवला, माझ्या ओळी दिसू नयेत म्हणून त्यातला मजकूर वर सरकवला, माउस होता तसा ठेवला. मला वाटलं, तो येईल, पाहील, त्याला वाटेल आपोआप झालं. संध्याकाळी मी विचारीन आणि या वेळी छान हे खरंच छान असेल. याहून शहाणपणाचं मला त्या वेळी काही सुचलं नाही.

दोघं परत आली. मी कांदा चिरत होते, म्हणजे डोळ्यांचा प्रश्न मिटला. काठीचा आवाज खोलीत गेला, खुर्ची सरकली. मग मी सुरी ठेवून दारात गेले.

तो पडद्याकडे पाहत होता. तिन्ही नावं जिवंत, तिन्हींखाली आलेख हलत होते. त्याने मागचा काळा पडदा पुढे आणला, खालपर्यंत सरकवून पाहिलं, पुन्हा मागे नेला. ज्याने सगळं आयुष्य एसएसएचच्या आत-बाहेर घालवलं त्याला आपोआप काय होतं आणि काय होत नाही, हे मी शिकवणार होते. तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. चोरी पकडली गेलेल्या लहान मुलासारखी लाज होती, आणि ती मला पाहवली नाही.

‘अरे, मला सांगायचंस ना,’ मी म्हटलं. म्हणतानाच कळलं की मी काय बोलतेय.

त्याने काही म्हणायचा प्रयत्न केला. ओठ हलले, शब्द आला नाही. पण या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. तो पडद्याकडे वळला. डाव्या हाताने माउस धरला, हलव्यावर नेला, उजवं बटण दाबलं, मेनूतून कनेक्शन तोडायचं निवडलं. हलवा फिकट झाला, खालची मशिनं मिटली. मग सुरमई. मग क्षणभर थांबून बोंबील. एकही चूक नाही.

‘राहू दे ना,’ मी म्हटलं. ‘मी काही म्हणतेय का? तू बघ ना तसंच.’

त्याने नकारार्थी मान हलवली. काठी घेतली, उठला, माझ्याजवळून जाताना थांबला आणि जेवणाच्या टेबलावरच्या माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

‘तू,’ तो म्हणाला.

आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. त्या खुर्चीवर तो परत बसला नाही.

मी लॅपटॉप उघडला. हलवा चालू होता, सुरमई चालू होता, बोंबील चालू होता. कनेक्शन तोडल्याने पलीकडचं काही बंद पडत नाही. त्याची सगळी मशिनं नेहमीसारखी चालली होती, त्यांना काहीही कळलं नव्हतं.